मध्ये, शिवाय, पर्यंत: आईच्या विलमधले तीन शब्द इंग्रजीत नेताना

प्रश्न: ताई, आईने मराठीत केलेल्या विलचं इंग्रजी मी करतोय. माझी बहीण आता नाही. तिची मुलगी आणि मुलगा कॅनडात वाढले, त्यांना मराठी वाचता येत नाही. आमच्या वकीलसाहेबांनी मसुद्यातल्या चार शब्दांभोवती पेन्सिलने गोल काढले: बिटवीन, बिसाइड, बिसाइड्स आणि अंटिल. म्हणाले, "अर्थ फिरतोय, बदला." शाळेत मला एवढंच शिकवलं होतं की दोघांत बिटवीन आणि तिघांपासून पुढे अमंग. नेमकं काय चुकलं? आईची वाक्यं आणि माझी वाक्यं सोबत पाठवतोय.

उत्तर:

वकीलसाहेबांचं बरोबर आहे, आणि चारही खुणांचं मूळ एकच आहे. आपले "मध्ये", "शिवाय" आणि "पर्यंत" हे शब्द प्रत्येकी दोन-दोन अर्थ पोटात घेऊन चालतात. घरात बोलताना त्याने काही बिघडत नाही, कारण कोण बोलतंय, कशाबद्दल बोलतंय हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. इंग्रजीत त्या दोन अर्थांना वेगवेगळे शब्द आहेत, त्यामुळे भाषांतर करणाऱ्याला त्यातला एक निवडावाच लागतो. तुम्ही चार ठिकाणी निवड केलीत, पण निवड करतोय हे तुमच्या लक्षात आलं नाही. मी वडोदऱ्यात बरीच वर्षं दस्तांची भाषांतरं करते. अशा कागदांत मोठे कायदेशीर शब्द क्वचित चुकतात, कारण ते माणूस शब्दकोशात बघतो. या चिमुकल्या शब्दांसाठी शब्दकोश कोणी उघडत नाही.

पहिलं वाक्य घेऊ. आई लिहितात, "बँकेतली ठेव मुलगा आणि मुलीची दोन मुलं यांच्यामध्ये सारखी वाटावी." तुमचं इंग्रजी: "द बँक डिपॉझिट शॅल बी डिव्हायडेड इक्वली बिटवीन माय सन अँड द टू चिल्ड्रन ऑफ माय डॉटर."

ठेव ३० लाखांची आहे असं धरू. तुमचं वाक्य वाचणारा म्हणेल की बिटवीनच्या एका बाजूला मुलगा आहे, दुसऱ्या बाजूला मुलीची मुलं आहेत, म्हणजे दोन बाजू आणि दोन भाग. तुम्हाला १५ लाख, आणि उरलेल्या १५ लाखांत भाची-भाचा प्रत्येकी साडेसात. त्याच जागी अमंग घातलंत तर तिघं एका रांगेत उभी राहतात आणि प्रत्येकाला १० लाख येतात. शब्द एकच बदलला, पण तुमच्या भाचीच्या हिश्श्यात अडीच लाखांचा फरक पडला.

आता तुम्हाला वाटेल की माणसं तीन आहेत, म्हणजे शाळेतल्या नियमाने अमंग लावलं की काम झालं. तसं करू नका. पहिलं कारण असं की आईंच्या मनात काय आहे ते तुम्ही अजून विचारलेलं नाही. आपल्याकडे वाटणी बहुतेक वेळा शाखेवार होते: एक वाटा मुलाचा, एक मुलीचा, आणि मुलगी नसेल तर तिचा वाटा तिच्या मुलांचा. आईंना तेच म्हणायचं असणं अगदी शक्य आहे. उलट, नातवंडांनाही मुलाइतकंच धरायचं, असंही त्यांनी ठरवलेलं असू शकतं. "यांच्यामध्ये सारखी" या दोन शब्दांत दोन्ही अर्थ बसतात, आणि कोणता घ्यायचा हे फक्त आईच सांगू शकतात.

दुसरं कारण असं की शाळेतला तो नियमच अपुरा आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या इंग्रजी कोशात लिहिलं की बिटवीन दोघांसाठी आणि अमंग त्याहून अधिकांसाठी योग्य, आणि तिथेच पुढे जोडलं की ही काटेकोर वाटणी कदाचित नेहमी पाळली जात नाही. शाळांनी पहिला भाग उचलला, दुसरा सोडून दिला. पुढे ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने जुने दाखले तपासून नोंदवलं की हा शब्द अगदी सुरुवातीपासून दोनहून अधिकांसाठी वापरला जात आला आहे. बिटवीनच्या पोटात "दोन" या अर्थाचं जुनं मूळ आहे हे खरं. पण ते "दोन" एकूण माणसांची संख्या सांगत नाही. ते जोड्या सांगतं.

हे उदाहरणाने पटेल. तीन भागीदारांचा करार असेल तर इंग्रजीत तो बिटवीन द थ्री पार्टनर्स असाच लिहितात. पहिला दुसऱ्याला बांधलेला, दुसरा तिसऱ्याला, तिसरा पहिल्याला. प्रत्येकाचं प्रत्येकाशी वेगळं नातं आहे आणि नावं ठरलेली आहेत, म्हणून बिटवीन. पाच भावांतली भांडणंही कोणाचं कोणाशी हे मोजता येत असेल तर बिटवीनच. अमंग तिथे येतं जिथे माणसं किंवा वस्तू एका घोळक्यात धरल्या आहेत आणि कोणाचं कोणाशी काय हे महत्त्वाचं नाही: प्रसाद लोकांत वाटला, कागद जुन्या फायलींत सापडला, ती गावातल्या बायकांत मान असलेली होती. म्हणून मी डोकी मोजत नाही. मी स्वतःला विचारते की वाक्यात "प्रत्येकाचं प्रत्येकाशी" अभिप्रेत आहे की "सगळ्यांत मिळून".

वाटणीच्या वाक्यात मात्र हे सगळं कळूनही भागत नाही. इंग्रजी उत्तम जाणणारी दोन माणसं "इक्वली बिटवीन ए अँड द चिल्ड्रन ऑफ बी" हे वाक्य दोन तऱ्हांनी वाचू शकतात, कारण बिटवीन तिघांनाही चालतं हे त्यांना माहीत असतं. म्हणून विलमध्ये मी वाटणीचा भार या शब्दावर कधीच टाकत नाही. आईंना तीन वाटे हवे असतील तर लिहा, "इन थ्री इक्वल शेअर्स, वन शेअर टू ईच ऑफ द फॉलोइंग," आणि खाली तिघांची नावं. दोन वाटे हवे असतील तर "इन टू इक्वल शेअर्स" लिहून पहिला वाटा तुम्हाला, दुसरा वाटा भाची-भाच्याला मिळून आणि त्यातही अर्धा-अर्धा, असं उलगडून सांगा. वाक्य लांबेल, लांबू द्या. वाट्यांचा आकडा आणि नावं लिहिली की बिटवीन-अमंगचा प्रश्नच उरत नाही.

दुसरी खूण. आई: "राहत्या घराशिवाय माझ्या नावावर जी जमीन आहे ती नातवाला द्यावी." तुम्ही: "द लँड बिसाइड माय हाऊस शॅल गो टू माय ग्रँडसन."

चौघांत ही चूक मला सगळ्यांत गंभीर वाटते, कारण इथे मिळकतच बदलली आहे. बिसाइड म्हणजे शेजारी, लगत. तुमचं वाक्य सांगतं की घराला लागून असलेली जमीन नातवाची. तुम्ही पाठवलेल्या कागदांवरून दिसतं की आईंच्या नावावर पादऱ्याकडे शेतजमीन आहे, आणि दांडिया बाजारातल्या घराच्या बाजूला थोडं मोकळं अंगणही आहे. इंग्रजी वाचणारा तुमचा भाचा असं समजेल की त्याच्या वाट्याला अंगण आलं. पादऱ्याच्या जमिनीबद्दल विल गप्प आहे असं त्या कागदावरून वाटेल. आणि ज्या अंगणाबद्दल आईंनी काहीच लिहिलं नव्हतं, ते तुमच्या घरापासून तुटलेलं दिसेल.

तुम्हाला लिहायचं होतं बिसाइड्स, शेवटी एस असलेलं. "घर तर आहेच, त्याखेरीज आणखी" असा त्याचा अर्थ. शेवटचा एस म्हणजे जादाची वस्तू, एवढं लक्षात ठेवलं तरी रोजच्या लिहिण्यात पुरतं. पण दस्तात मी बिसाइड्सही लिहीत नाही. जुन्या इंग्रजीत एस नसलेला बिसाइडही "शिवाय" या अर्थाने चालत असे आणि कोशांत तो अर्थ अजून नोंदलेला सापडतो. म्हणजे एक अक्षर कमी-जास्त झालं तर टंकणाऱ्याची चूक कोणती आणि लिहिणाऱ्याचा हेतू कोणता, यावर वाद घालायला जागा राहते. कागदात अशी जागा ठेवायची कशाला? जमीन लगतची असेल तर "अ‍ॅडजॉइनिंग" लिहा. वेगळी असेल तर शिवाय-बिवाय काही न लिहिता गाव, तालुका आणि सर्व्हे नंबर घाला. आईंच्या वाक्यात "राहत्या घराशिवाय" हे शब्द केवळ बोलण्याच्या ओघात आले आहेत. "पादरा तालुक्यातली अमुक सर्व्हे नंबरची जमीन" एवढं लिहिलं की घराचा उल्लेख लागतच नाही.

तिसरी खूण याच शब्दाची दुसरी बाजू दाखवते. आई: "पाटल्यांशिवाय माझे सगळे दागिने नातीला द्यावेत." तुम्ही: "ऑल माय ऑर्नमेंट्स बिसाइड्स द गोल्ड बँगल्स." म्हणजे आधीच्या वाक्यात जो एस हवा होता तो इथे आला, पण इथे तो शब्दच चालणार नाही. आईंना पाटल्या वगळायच्या आहेत. बिसाइड्स हा बेरजेचा शब्द आहे, त्यामुळे पाटल्याही मिळणार आणि बाकीचेही मिळणार, असं कोणी वाचलं तर त्याला सरळ चुकीचं म्हणता येणार नाही. इथे "एक्सेप्ट" हवं.

आपला "शिवाय" बेरीजही करतो आणि वजाबाकीही. "पाटल्यांशिवाय तन्मणीही नातीला" म्हटलं की बेरीज, "पाटल्यांशिवाय सगळे नातीला" म्हटलं की वजाबाकी. "खेरीज" आणि "व्यतिरिक्त" यांचंही तसंच, त्यामुळे शब्द बदलून सुटका होत नाही. माझी तपासणी अशी: शिवायच्या जागी "सोडून" घालून वाक्य मोठ्याने वाचायचं. "पाटल्या सोडून सगळे दागिने" हे नीट लागलं, म्हणून एक्सेप्ट. "पाटल्या सोडून तन्मणीही" हे कानाला खटकतं, तिथे "पाटल्या तर आहेतच, वर तन्मणीही" असं म्हणावंसं वाटतं, म्हणून बिसाइड्स. तुम्ही वडोदऱ्याचे, तेव्हा आणखी सोपी वाट तुमच्या जिभेवरच आहे. तेच वाक्य मनात गुजरातीत म्हणा. बेरीज असेल तर गुजराती माणूस सहज "उपरांत" म्हणतो, वजाबाकी असेल तर "सिवाय". आपला "शिवाय" आणि त्यांचा "सिवाय" दिसायला भावंडं आहेत, पण बेरजेसाठी गुजरातीत वेगळा शब्द तयार आहे. तोंडात उपरांत आलं तर बिसाइड्स, नाही तर एक्सेप्ट.

नकारार्थी वाक्यात मात्र हा फरक पुसला जातो. "नथीशिवाय माझ्याकडे मोत्याचं काही नाही" याचं इंग्रजी बिसाइड्सनेही होतं आणि एक्सेप्टनेही, अर्थ तोच राहतो. बिसाइड्स म्हणजे वगळून असा अनेकांचा समज अशाच वाक्यांवरून झालेला असतो, आणि मग ते तो होकारार्थी वाक्यात नेतात. तुमच्या हातून तेच झालं असावं. कोणी सुचवलं की दोन्हीऐवजी "अपार्ट फ्रॉम" लिहा, तर ऐकू नका. त्या शब्दात बेरीज-वजाबाकी दोन्ही आहेत, म्हणजे मराठीतला घोळ तसाच्या तसा इंग्रजीत जाईल.

दागिन्यांबद्दल आणखी एक. पाटल्यांना नुसतं गोल्ड बँगल्स म्हटलंत तर बांगड्या, बिलवर, तोडे यांतलं काय वगळलं हे कॅनडातल्या मुलीला कळणार नाही. "पाटल्या" हा शब्द तसाच ठेवा आणि पुढे किती, कशा दिसणाऱ्या आणि कुठे ठेवलेल्या ते एका ओळीत लिहा.

आता चौथी खूण. आई: "माझ्या मागे वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला पहिल्या दिवाळीपर्यंत राहू द्यावं, आणि मुलाने त्यानंतरच्या ३१ मार्चपर्यंत नातवंडांचे पैसे चुकते करावेत." तुम्ही दोन्हीकडे अंटिल लिहिलंत. पहिलं अंटिल बरोबर आहे, दुसरं नाही, आणि वकीलसाहेबांचा गोलही दुसऱ्यावरच आहे.

राहणं हे चालू असणारं काम आहे. ते आजपासून त्या दिवसापर्यंत सलग चालतं, म्हणून अंटिल. पैसे चुकते करणं ही एकदा घडून संपणारी गोष्ट आहे. ती ३१ मार्च उजाडून मावळायच्या आत केव्हाही झाली तरी चालेल, म्हणून "बाय". "शॅल पे अंटिल ३१ मार्च" याचा अर्थ असा होतो की तुम्ही ३१ मार्चपर्यंत देत राहायचं आणि मग थांबायचं. आईंनी घातलेली शेवटची तारीख तुमच्या इंग्रजीत सुटकेची तारीख झाली. १ एप्रिलला तुम्ही एक पैसा दिलेला नसला तरी मुदत संपली, आता देणं नाही, असं त्या वाक्यावरून म्हणता येईल. तुमचा हेतू तसा नाही हे मला माहीत आहे. पण हा कागद लिहिणारेही तुम्ही आणि पैसे देणारेही तुम्ही, त्यामुळे हीच चूक भाची-भाच्याच्या मनात सगळ्यांत आधी संशय निर्माण करील.

मराठीत दोन्हीला "पर्यंत", हिंदीत दोन्हीला "तक". पण गुजरातीत पाहा: "दिवाळी सुधी रहेवा देवुं" आणि "एकत्रीसमी मार्च सुधीमां पैसा चूकववा". सुधी म्हणजे अंटिल, सुधीमां म्हणजे बाय. तो "मां" तुम्ही भाजीवाल्याशी, दुकानदाराशी, ऑफिसातल्या शिपायाशी बोलताना रोज अचूक लावता. कोणी सांगितलं नाही तरी काम "सोमवार सुधीमां" मागता आणि दुकान "सोमवार सुधी" बंद असतं. पर्यंत दिसलं की वाक्य गुजरातीत म्हणून बघा आणि मां लागतो का ते ऐका. वडोदऱ्यातल्या मराठी माणसाला हा फायदा पुण्याच्या माणसापेक्षा अधिक आहे.

तारखांत आणखी दोन गोष्टी बघून घ्या. दिवाळी म्हणजे नेमका कोणता दिवस? वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत कोणताही दिवस घरात दिवाळीच म्हटला जातो, आणि आपल्याकडे गुजराती घरांत बेसतं वरस धरून हिशेब लावतात. आईंना भाऊबीज म्हणायची असेल तर भाऊबीज लिहा, लक्ष्मीपूजन असेल तर तसं. दुसरं, अंटिलमध्ये तो शेवटचा दिवस धरला की नाही यावर इंग्रजी वाचणाऱ्यांतही वाद होतो. संसदेच्या कायद्यांपुरता तो १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम ९ ने सोडवला आहे: "फ्रॉम" लिहिलं की पहिला दिवस वगळायचा, "टू" लिहिलं की शेवटचा धरायचा. ते कलम कायद्याच्या मजकुरासाठी आहे. घरगुती विलमध्ये त्यावर विसंबण्यापेक्षा "अप टू अँड इन्क्लूडिंग" असं स्पष्ट लिहिलेलं बरं. आणि मुदत दिवसांत घालायची झाली तर "इन थर्टी डेज" लिहू नका, त्याचा अर्थ तीस दिवसांनी असाही होतो. "विदिन थर्टी डेज ऑफ" लिहून कशापासून मोजायचे तेही सांगा.

तुमच्या मसुद्यात वकीलसाहेबांच्या नजरेतून सुटलेला एक शब्द मला दिसला. "माझ्याकडे थोडी पुस्तकं आहेत ती वाचनालयाला" याचं तुम्ही "आय हॅव फ्यू बुक्स" केलंय. त्याने पुस्तकं जवळजवळ नाहीतच असा सूर लागतो. "फ्यू" म्हणजे आपलं "थोडीच", "अ फ्यू" म्हणजे "थोडीफार". इथे "अ फ्यू" करा. यातून कोणाचं नुकसान होत नाही, पण आईंनी कौतुकाने ठेवलेल्या गोष्टीला उणेपणा येतो.

आता हे सगळं कोणत्या कागदावर दुरुस्त करायचं? बिसाइड, बिसाइड्स, अंटिल आणि फ्यू या चुका तुमच्या इंग्रजीतल्या आहेत. आईंचं मराठी तिथे संदर्भाने स्पष्ट आहे, तेव्हा त्या तुम्ही इंग्रजीतच सुधारा. "यांच्यामध्ये सारखी" आणि "दिवाळीपर्यंत" या दोन जागा वेगळ्या आहेत. तिथे मूळ मराठीच दोन अर्थांचं आहे. मुळात जे मोघम आहे ते भाषांतरात ठाम करण्याचा अधिकार भाषांतर करणाऱ्याला नसतो, आणि तुम्ही तर स्वतः हिस्सेदार आहात. तुम्ही "टू इक्वल शेअर्स" लिहिलंत आणि आईंच्या पश्चात कोणी मूळ मराठी काढलं, तर पाच लाख तुमच्याकडे वळवल्यासारखं दिसेल, मग आईंचा हेतू खरोखर तोच असला तरी.

म्हणून या दोन जागांसाठी आईंना विचारा, आणि विचारताना व्याकरण मध्ये आणू नका. "आई, ३० लाखांतले मला किती, तिला किती, त्याला किती?" असं रुपयांत विचारा. तुमच्या एकट्यासमोर नको, वकीलसाहेब किंवा दोन्ही बाजूंना जवळचं असं कोणी मोठं माणूस समोर असू द्या. उत्तर आलं की मूळ मराठी विलच दुरुस्त व्हायला हवं. समासात पेनाने एक शब्द वाढवून काम होत नाही. भारतीय वारसा कायद्याच्या, म्हणजे १९२५ च्या इंडियन सक्सेशन अ‍ॅक्टच्या कलम ७१ प्रमाणे, सही झाल्यानंतर विलमध्ये केलेली खाडाखोड किंवा भर मूळ विलसारखीच सही-साक्षीने केलेली नसेल तर तिला किंमत नाही. कलम ६३ प्रमाणे विलला निदान दोन साक्षीदार लागतात. तेव्हा एक छोटं पुरवणी विल करायचं की नवं विल, ते वकीलसाहेबांना ठरवू द्या. आई धडधाकट आहेत, स्वतः लिहितात, तोवर हे एका बैठकीचं काम आहे. त्याच कायद्याच्या कलम ७४ मध्ये असंही आहे की विलला कायद्याची ठरावीक परिभाषा लागत नाही, करणाऱ्याचा हेतू कळला की पुरे. त्यामुळे आईंनी आपल्या रोजच्या मराठीत लिहिलेलं पूर्ण चालेल, फक्त वाटे आकड्यांत येऊ द्या.

इंग्रजी कागदाच्या डोक्यावर एक ओळ घाला: हे मूळ मराठी विलचं माहितीसाठी केलेलं भाषांतर आहे, फरक आढळल्यास मराठी मजकूर ग्राह्य. भाषांतर कोणी केलं तेही लिहा. तुम्ही हिस्सेदार असल्यामुळे शेवटचा हात त्रयस्थाकडून फिरवून घेतलात तर जास्त चांगलं.

सगळं झालं की एक तपासणी करा, मी प्रत्येक विलला ती करते. ज्याने मराठी मजकूर वाचलेला नाही आणि ज्याला इंग्रजी उत्तम येतं अशा माणसाला फक्त इंग्रजी कागद द्या. तुमच्या बाबतीत ऑफिसातला एखादा सहकारीसुद्धा चालेल, नावं झाकून. त्याला वाक्यं बरी आहेत का असं विचारू नका, तो बरी आहेत म्हणेल. त्याला कोरा कागद देऊन लिहायला सांगा: कोणाला किती रुपये, कोणती जमीन कोणाची, कोणता दागिना कोणाकडे जात नाही, भाडेकरू कोणत्या दिवशी बाहेर, पैसे कोणत्या दिवसाच्या आत. मग तो कागद आईंना मराठीत वाचून दाखवा. जिथे आई म्हणतील "असं नाही रे", तिथला छोटा शब्द शोधा. आणि नुसता तो शब्द बदलून थांबू नका, वाक्यच आकडा, नाव किंवा तारीख घालून नव्याने लिहा.